‘तुमच्या मनानं द्या’ : गावच्या देवळाचा दरफलक कसा तयार करावा

“महाराज, किती द्याचे?”

“द्या ना तुमच्या मनानं. बाकीचे एक्कावन देतात.”

आमच्या देवीच्या देवळात हे बोलणं मी कितीदा ऐकलं असेल! पहिल्या वाक्यात रक्कम ऐच्छिक असते, दुसऱ्या वाक्यात ती ठरून जाते. समोरच्या म्हातारीनं पदराची गाठ सोडून दहाची नोट काढलेली असते. ती नोट पुन्हा गाठीत जाते आणि म्हातारी लेकाकडं वळून पन्नास मागते. महाराजांनी खोटं काहीच सांगितलेलं नसतं. बाकीचे खरंच एक्कावन देतात, कारण त्यांनाही हेच सांगितलेलं असतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात देवस्थानचा सचिव आहे. आम्ही दरफलक लावल्यापासून आजूबाजूच्या गावांतले नवे विश्वस्त फोन करतात, “दादा, तुमच्या फलकाचा फोटो पाठवा ना.” मी पाठवतो. पण नुसत्या फोटोनं भागत नाही, कारण फलकावरचे आकडे आमच्या तेलाचे आणि आमच्या मजुरीचे आहेत. ते तुमच्या देवळात चालतीलच असं नाही. आकडे कसे काढले, काय ठरलेलं धरलं आणि कशाला आकडाच लावला नाही, हे समजलं तर फलक तुमचा तुम्हालाच लिहिता येईल.

पहिलं काम : पंधरा दिवस नुसतं पाहा

पेंटरला बोलावण्याआधी एक शंभर पानी वही घ्या. देवळात पैसा आणि वस्तू कुठून येतात आणि कोणाच्या हातात जातात, ते लिहीत राहा. त्यात एक मंगळवार, एक शुक्रवार आणि जमलं तर एक पौर्णिमा आली पाहिजे. एरवी आमच्या देवळात दिवसाला पाच-सात माणसं येतात, मंगळवारी रांग लागते.

आमच्या वहीत पाच वाटा निघाल्या. दानपेटी आणि पावती पुस्तक या दोन सगळ्यांना माहीत होत्या. तिसरी वाट आरतीच्या ताटाची. चौथी शिध्याची, म्हणजे तांदूळ, डाळ, गूळ, तेल आणि ओटीतलं खण-लुगडं. पाचवी वाट वही नसती तर कळलीच नसती. जावळाच्या दिवशी न्हाव्याला, वाजंत्र्याला आणि चपला सांभाळणाऱ्या पोराला जे मिळत होतं, ते लोक ‘देवळात दिलं’ असंच धरत होते. घरी जाऊन एखादा म्हणतो, “देवळात पाचशे गेले.” देवस्थानच्या पावतीवर त्यातले शंभरच असतात. बाकी चारशेचा बोल विश्वस्तांनाच लागतो.

या पंधरा दिवसांत कोणाला टोकू नका. टोकलं की माणसं सावध होतात आणि तुम्ही वहीत जे लिहाल ते खरं राहत नाही.

दुसरं काम : तीन ढीग

वहीतल्या प्रत्येक गोष्टीचे तीन ढीग करायचे : मोफत, ठरलेलं आणि ऐच्छिक. वाद मधल्या ढिगावर होतो, म्हणून त्याला आम्ही दोन प्रश्नांची चाळणी लावली. या सेवेसाठी देवस्थानला या एका माणसापोटी वेगळा खर्च येतो का? आणि पैसे न देणाऱ्याला ही सेवा मिळाली नाही तर त्याचं दर्शन अडतं का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ आलं, तरच ती ठरलेल्या दराची सेवा. नाही तर ती मोफत किंवा ऐच्छिक.

दर्शन, कुंकू-अंगारा, तीर्थ, आरतीला उभं राहणं, स्वतः आणलेलं नारळ फोडणं, ओटी भरणं, स्वतःचा दिवा लावणं हे सगळं मोफत. आमच्याकडं ओटी भरायला अकरा रुपये घ्यायची पद्धत होती. ती कोणी सुरू केली ते कोणालाच आठवेना. ओटीत देवस्थानचा खर्च शून्य, उलट खण-नारळ देवस्थानला मिळतो. त्यावर अकरा रुपये कशाचे? एका सभेत ते बंद झाले.

अभिषेक, जावळाची पूजा, वाहनपूजा आणि नवरात्रातली ज्योत या ठरलेल्या दराच्या सेवा. दानपेटी, आरतीचं ताट, भंडाऱ्यासाठी धान्य, सभामंडपासाठी मदत आणि पुजाऱ्याला वरून दिलेली दक्षिणा ऐच्छिक.

वाहनपूजेवर मात्र बरीच खडाजंगी झाली. एकाचं म्हणणं, ट्रॅक्टर आठ-दहा लाखांचा, त्याला दोनशे एक लावा आणि सायकलला अकरा. मी विचारलं, ट्रॅक्टरला नारळ दोन लागतात का? हळद-कुंकू, हार, नारळ, चाकाखाली लिंबं, सगळं तेवढंच. दर कामाचा असतो, मालकाच्या ऐपतीचा नसतो. ज्याचा ट्रॅक्टर आला त्याला आनंदानं पाचशे द्यायचे असतील तर शेजारीच दानपेटी आहे. शेवटी दुचाकी आणि चारचाकी सगळ्यांना एकच दर ठेवला. त्यातून आणखी एक नियम पक्का झाला. गावातल्याला एक दर आणि बाहेरच्याला दुसरा, अमुक समाजाला एक आणि तमुकाला दुसरा, असं काही चालणार नाही.

एक गोष्ट कोणत्याच ढिगात घालू नका. काही ठिकाणी यादीत ‘बाधा उतरवणे’ किंवा ‘अमुक पूजेनं आजार बरा’ असं दरासकट लिहिलेलं मी पाहिलं आहे. चमत्काराचा दावा करून पैसे मिळवणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. फलकावर सेवेचं नाव लिहा, तिचं फळ लिहू नका.

तिसरं काम : दर काढणं, ज्योतीचा हिशेब मांडून

आमच्या पूर्व विदर्भात देवीच्या देवळात नवरात्रात मनोकामना ज्योत लावतात. भक्त आपल्या नावानं घट आणि दिवा मांडतो आणि नवरात्र संपेपर्यंत तो अखंड तेवत ठेवायची जबाबदारी देवस्थानची. भक्त घरी जातो आणि तेल रात्री दोन वाजता आम्हाला घालावं लागतं. खर्च देवस्थान करतं, म्हणून ही ठरलेल्या दराची सेवा.

आमचा जुना दर ११०१ रुपये होता. दरवर्षी कोणीतरी विचारायचं, “एवढं तेल लागते का हो एका दिव्याले?” आणि दरवर्षी उत्तर एकच, “देवीचं काम आहे भाऊ.” हिशेब कोणाकडंच नव्हता, म्हणून आम्ही तेल मोजायचं ठरवलं.

नवरात्राच्या आधी, आम्ही वापरतो तसाच दिवा आणि तशीच वात घेतली. मापानं ५०० मिलिलिटर तेल ओतून संध्याकाळी सहाला दिवा लावला. दुसऱ्या दिवशी सहाला उरलेलं तेल मोजलं तर २२० भरलं. म्हणजे चोवीस तासांत २८० मिलिलिटर. दुसरा दिवा दाराजवळ वाऱ्यात ठेवला होता, त्यानं जास्त खाल्लं. म्हणून ज्योती दारापासून आत सरकवल्या आणि हिशेबात थोडी सांडलवंड धरली. वात जाड केली की तेल झपाट्यानं जास्त लागतं, तेव्हा मोजणी तुमच्या वातीनंच करा.

आता दिवस किती धरायचे? नऊ हे उत्तर तोंडावर येतं, पण तिथंच चूक होते. तिथीची वृद्धी झाली की नवरात्र दहा दिवसांचं येतं. २०२५ मध्ये तसंच झालं, २२ सप्टेंबरला घट बसले आणि दसरा २ ऑक्टोबरला आला. पंचांग पाहून दरवर्षी दर हलवला तर लोकांचा विश्वास बसत नाही. म्हणून आम्ही दर कायम दहा दिवसांचा काढला.

दहा दिवसांचं तेल २.८ लिटर, सांडलवंड धरून ३ लिटर. आम्हाला तेल १५० रुपये लिटरनं पडलं, म्हणजे ४५० रुपये. मातीचा घट, दिवा आणि झाकण ६० रुपये. कापसाची वात १५. घटाभोवती पेरायचं धान्य आणि माती १५. रात्री जागून तेल घालायला दोन माणसं, प्रत्येकी ४०० रुपये रात्र, दहा रात्रींचे ८०००. ते ६० ज्योतींवर वाटले की एका ज्योतीला १३३. नावाची चिठ्ठी, पावती आणि किरकोळ मिळून १२. एकूण ६८५ रुपये. वरचा एक रुपया आपल्याकडं लागतोच, म्हणून दर ७०१.

या हिशेबात एक गोम आहे. जागरणाचा खर्च ज्योतींच्या संख्येवर वाटलेला आहे. ज्योती ६० च्या जागी ४० च आल्या तर प्रत्येकीवर १३३ ऐवजी २०० पडतात, खर्च ७५२ होतो आणि ७०१ च्या दरानं चाळीस ज्योतींमागे २०४० रुपयांचा तोटा येतो. म्हणून दर ठरवताना मागच्या तीन वर्षांची संख्या पाहा आणि त्यातली सर्वांत कमी धरा. आमच्याकडं साठच्या खाली कधी गेली नव्हती. वरची मर्यादाही लिहा. गाभाऱ्याबाहेरच्या खोलीत आमच्या ८० ज्योती मावतात. त्यापुढं घेतल्या तर धुरानं आत उभं राहवत नाही आणि आगीची भीती वेगळीच.

मग जुन्या ११०१ मधले ७०१ सोडून उरलेले ४०० कुठं जात होते? कोणाच्या खिशात नाही. ते सभामंडपाला लागत होते आणि मंडप उभाही राहिला. पण ज्योत लावणाऱ्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. तेलाच्या नावानं मंडपाची वर्गणी घेतली जात होती, आणि जो माणूस फक्त ज्योत लावायला आला त्याच्याकडून ती सक्तीनं जात होती. ठरलेलं आणि ऐच्छिक यांची गल्लत नेमकी अशी होते. बहुतेक वेळा हेतू वाईट नसतोही, दोन गोष्टी एका आकड्यात शिरतात एवढंच. आता ज्योतीची पावती ७०१ ची. मंडपासाठी द्यायचं असेल तर ती पावती वेगळी. काही जण आजही ११०१ च देतात, पण दोन पावत्या घेऊन.

अभिषेकाचा हिशेब याच रीतीनं करा. त्यात एक बारकावा आहे. आमच्या देवीची मूर्ती शेंदराची आहे. तिच्यावर दूध-पाणी चालत नाही, अभिषेक चांदीच्या पादुकांवर होतो. बाहेरगावच्या एका कुटुंबाला हे पैसे भरल्यावर कळलं आणि त्यांचा हिरमोड झाला. आता फलकावरच ‘अभिषेक (पादुकांवर)’ असं लिहिलं आहे. दराबरोबर त्या दरात काय होतं तेही कळलं पाहिजे.

चौथं काम : पुजाऱ्याशी आधी बोलणं

फलक लावून मग पुजाऱ्याला सांगायचं, हा सगळ्यांत महागात पडणारा उलटा क्रम आहे. आमचे गुरव महाराज तिसऱ्या पिढीपासून पूजा करतात. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर फलक म्हणजे त्यांच्या ताटावर आलेली टाच. काही गावांत पुजारी घराण्याकडं सेवेपोटी इनाम जमीन असते. तुमच्याकडं असेल तर सातबारा आणि जुने कागद आधी वाचा. जमीन कोणत्या सेवेच्या बदल्यात आहे हे कळल्याशिवाय मानधनाची बोलणी करू नका.

आम्ही त्यांच्या अंगणात बसून बोललो. सभेत बोललो असतो तर बिनसलं असतं. ते म्हणाले, “मले पैशाचं नाई. पन लोक म्हनतीन का महाराज चोर होता म्हनून पाटी लागली.” तोवर आम्हा कोणाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. त्यावरून तीन गोष्टी ठरल्या. देवस्थान त्यांना दरमहा मानधन देणार. अभिषेकाच्या दरात त्यांची ठरलेली दक्षिणा असणार आणि ती आठवड्याला त्यांना मिळणार. आणि आरतीच्या ताटातले पैसे त्यांचेच राहणार, पण ते तसं फलकावर लिहिलेलं असणार.

शेवटची गोष्ट काही विश्वस्तांना पटत नव्हती. ताट दानपेटीत ओतावं असं त्यांचं मत. माझं मत वेगळं आहे. ताट कोणाचं हे दोन्ही प्रकारे ठरवता येतं, पण भक्ताला ते माहीत असलं पाहिजे. दहा रुपये पुजाऱ्याला द्यायचे की देवळाला, हे त्याला निवडता आलं की ते दहा रुपये खरंच त्याच्या मनानं दिलेले होतात.

न्हाव्याची मजुरीही अशीच बोलून ठरवली. जावळाचे १०० रुपये, थेट त्यांच्या हातात, देवस्थानचा त्यात वाटा नाही. हे वाक्य फलकावर आल्यापासून ‘देवळात पाचशे गेले’ ऐकू येत नाही.

पाचवं काम : ठराव

दर चहाच्या टपरीवर ठरले तरी ते लागू ठरावानंच होतात. आधी तुमच्या न्यासाची नोंदलेली योजना किंवा घटना काढून वाचा. सभेला किती विश्वस्त हजर लागतात, नोटीस किती दिवसांची आणि दर बदलण्याबद्दल त्यात काही वेगळी अट आहे का, ते पाहा. ठरावात प्रत्येक सेवा, तिचा दर, लागू होण्याची तारीख आणि मोफत सेवांची यादीही लिहा. मोफत यादी ठरावात नसेल तर पुढची समिती ओटीचे अकरा रुपये पुन्हा सुरू करू शकते.

दराच्या हिशेबाचा कागद इतिवृत्ताला जोडून ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाला हिशेब ठेवावेच लागतात आणि ३१ मार्चला ते बंद करून तपासून घ्यावे लागतात. ऑडिटरनं ‘ज्योत सेवा’ या रकमेमागं काय आहे असं विचारलं की हाच कागद पुढं करता येतो.

सहावं काम : शब्द

फलक लिहिताना एकाच शब्दावर सगळं अडतं, आणि तो शब्द ‘देणगी’. ‘अभिषेक देणगी १५१’ असं लिहिलेले फलक जागोजागी दिसतात. रक्कम ठरलेली आहे आणि बदल्यात सेवा मिळते, मग ती देणगी कशी? ते शुल्क झालं. देणगी म्हणजे जिची रक्कम देणारा ठरवतो. याचा कागदोपत्रीही फरक पडतो. नागपूर-पुण्याहून येणारे भक्त पावती घेताना आयकर सवलतीचं विचारतात. पूजेच्या शुल्कावर ती सवलत नसतेच. देणगीवरही ती तुमच्या न्यासाकडं त्यासाठीचं प्रमाणपत्र असेल तरच मिळते, आणि तेव्हासुद्धा २००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेली देणगी त्यात बसत नाही. प्रमाणपत्र नसेल तर फलकावर करसवलतीचा शब्दही येऊ देऊ नका.

दुसरा शब्द ‘किमान’. ‘ऐच्छिक देणगी, किमान ५१’ हे म्हणजे महाराजांची तीच दोन वाक्यं रंगात लिहिलेली. ऐच्छिक रकमेपुढं आकडा नको, ‘साधारण’ म्हणूनही नको आणि ‘उदाहरणार्थ’ म्हणूनही नको.

आमच्या फलकाचा मजकूर असा आहे :

> देवस्थान सेवा व शुल्क
> (न्यासाचे नाव, नोंदणी क्रमांक, ठराव क्रमांक व दिनांक)
>
> काहीच द्यावे लागत नाही : दर्शन, आरती, तीर्थ-प्रसाद, कुंकू-अंगारा, ओटी भरणे, स्वतःचे नारळ फोडणे, स्वतःचा दिवा लावणे.
>
> ठरलेले शुल्क, पावती घेऊनच द्यावे :
> अभिषेक (पादुकांवर), साहित्य देवस्थानचे : १५१ रुपये
> अभिषेक (पादुकांवर), साहित्य भक्ताचे : ५१ रुपये
> जावळाची पूजा : १०१ रुपये
> वाहनपूजा, कोणतेही वाहन : १०१ रुपये
> नवरात्र ज्योत, नवरात्र जितक्या दिवसांचे तितके दिवस : ७०१ रुपये (एकूण ८० ज्योती)
>
> पुजाऱ्यांची दक्षिणा वरील शुल्कात आली आहे. वेगळी द्यावी लागत नाही.
> जावळासाठी नाभिक बांधवांची मजुरी १०० रुपये थेट त्यांना द्यावी.
>
> आपल्या इच्छेने, आपण ठरवाल तेवढे :
> दानपेटी व देणगी पावती : देवस्थानसाठी.
> आरतीचे ताट : पुजाऱ्यांसाठी.
> काही न दिल्यास दर्शनात व प्रसादात फरक पडत नाही.
>
> शुल्क देणे शक्य नसल्यास सचिवांना सांगावे. सेवा होईल.

मोफत यादी सगळ्यांत वर ठेवली, यामागं कारण आहे. माणूस फलक वरून वाचायला लागतो आणि पहिला आकडा दिसला की त्याचा हात खिशाकडं जातो. आधी मोफत काय ते वाचलेलं असलं तर पुढचे दर वाचताना त्याला धाक वाटत नाही.

शेवटची ओळ लिहावी का यावर आमच्यात दोन मतं होती. सगळेच येऊन ‘शक्य नाही’ म्हणतील अशी एकाला भीती होती. तसं झालं नाही. वर्षभरात मोजके लोक आले आणि त्यातल्या एकीनं सोयाबीन निघाल्यावर पैसे आणून दिले.

सातवं काम : पावती आणि क्यूआर कोड

फलकावरच्या ठरलेल्या भागाची प्रत्येक ओळ पावती पुस्तकात सापडली पाहिजे. आम्ही दोन पुस्तकं केली. शुल्काचं पुस्तक पिवळं, देणगीचं पांढरं, दोन्हींवर छापील अनुक्रमांक आणि दोन्हींत स्थळप्रत. रंग वेगळे असल्यामुळं हिशेब लिहिणाऱ्या पोराची गल्लत होत नाही. देणाऱ्यालाही हातातल्या कागदावरून कळतं की त्यानं शुल्क दिलं की देणगी. कोणी मोठी रक्कम कायम निधीसाठी देत असेल तर तसं त्याच्याच हातानं लिहून घ्या आणि ते पत्र पावतीच्या स्थळप्रतीला टाचून ठेवा.

यूपीआय आल्यापासून नवी भानगड सुरू झाली आहे. फलकाशेजारी देवस्थानच्या खात्याचा क्यूआर कोड लावला की काही दिवसांनी त्याच्या आजूबाजूला आणखी एखादा चिकटलेला दिसतो. कधी तो एखाद्याच्या खासगी खात्याचा असतो, कधी फसवणूक करणाऱ्यानं मूळ कोडावरच चिकटवलेला असतो. ओळखायचं कसं, ते फलकावरच लिहा : ‘पैसे पाठवण्याआधी मोबाईलवर न्यासाचेच नाव दिसते का ते पाहा.’ आणि देऊळ उघडणाऱ्यानं रोज सकाळी आपल्या फोननं एकदा कोड स्कॅन करून नाव वाचायचं. पैसे पाठवायची गरज नाही, नाव आधीच दिसतं.

फलक लावल्यावर कुठं बिघडतं

पहिल्या महिन्यात आमचा फलक बरोबर होता आणि पद्धत जुनीच होती. अभिषेक झाल्यावर कोणीतरी सवयीनं ताट पुढं करायचं. भक्तानं १५१ दिलेले, फलकावर ‘दक्षिणा शुल्कात आली’ असं लिहिलेलं, तरी ताट समोर आलं की हात आखडत नाही. आम्ही अभिषेकाच्या जागेवरून ताटच हलवलं. आता ते फक्त आरतीच्या वेळी निघतं आणि कट्ट्यावर ठेवलेलं असतं. ते घेऊन कोणी कोणासमोर उभं राहत नाही.

दुसरी गोष्ट भोंग्याची. भंडाऱ्याच्या दिवशी माईकवरून नावासकट रकमा वाचायची हौस असते : “अमक्याकडून पाच हजार एक, तमक्याकडून एक्कावन.” ऐच्छिक देणगी अशी वाचली की ती ऐच्छिक राहत नाही. एक्कावनवाल्याचं नाव घेताना वाचणाऱ्याचा आवाज पडतो आणि तो सगळ्या गावाला ऐकू जातो. आता फक्त नावं वाचतात, रकमा वहीत राहतात. ज्यांची रक्कम मोठी होती ते थोडे नाराज झाले, हे लपवत नाही.

फलक पाळला जातो की नाही हे पाहायचा एक सोपा मार्ग आहे. देवळात अभिषेकाची वही असते, त्यात नाव आणि गोत्र लिहिलेलं असतं. तीन महिन्यांनी त्या वहीतले अभिषेक मोजा आणि पिवळ्या पुस्तकातल्या अभिषेकाच्या पावत्या मोजा. पावत्या कमी भरल्या तर कुठंतरी पावतीशिवाय पैसे जात आहेत. अशा वेळी माणसाचं नाव घेण्याआधी दिवस पाहा. आमचा फरक नेमका मंगळवारचा निघाला. गर्दीत पावती लिहिणारा एकच होता आणि लोक ‘मंग घेतो’ म्हणून निघून जात होते. मंगळवारी दुसरा माणूस बसवला आणि आकडे जुळले.

फलक फ्लेक्सचा करू नका. आमच्या उन्हात तो एका उन्हाळ्यात पांढरा पडतो आणि फाटला की लोक त्याच्यावर दुसरं काहीतरी चिकटवतात. पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवून घ्या, चार फूट बाय तीन फूट पुरतो, आणि चपला काढायच्या जागेसमोर, पाच फुटांच्या आसपास उंचीवर लावा. म्हणजे वाकावं लागत नाही आणि रांगेत शिरण्याआधी वाचून होतो. वाचता न येणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मंगळवारच्या आरतीआधी मोफत यादी आणि ‘दक्षिणा शुल्कात आली’ ही ओळ माईकवरून एकदा वाचायची.

दर बदलायची वेळ येईल तेव्हा आकड्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवू नका. चिठ्ठी कोणीही चिकटवू शकतं आणि पावसात ती गळून पडली की खालचा जुना दर घेऊन भांडण उभं राहतं. नवा ठराव, नवी तारीख, नवा रंग. नव्या तारखेआधी ज्यानं ज्योतीची पावती घेतली त्याला जुनाच दर. नव्या दरासाठी पिवळं पुस्तकही नवं काढायचं, म्हणजे एका पुस्तकात दोन दर येत नाहीत. जुना पत्रा भंगारात घालू नका. त्याच्या मागं ठरावाचा क्रमांक लिहून तो देवस्थानच्या कपाटामागं उभा करून ठेवा.